समर सेल चालू आहे: विशलिस्टमधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं?

कळंबारोड
नमस्कार मंडळी. स्टीमचा समर सेल चालू झालाय आणि माझ्याकडं १,५०० रुपये आहेत. विशलिस्टमधल्या निम्म्या गेम्सवर सूट दिसतेय. तीन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिला एक जुना आरपीजी. मूळ किंमत १,४९९, आता ७५ टक्के सूट, म्हणजे ३७४ रुपये. पण स्टीमच्या जुन्या किमती दाखवणाऱ्या SteamDB साइटवर याची आजवरची सगळ्यात कमी किंमत २४९ दाखवतेय. मग ही सूट खरी कशी म्हणायची? थांबू का?

दुसरा गेल्या नोव्हेंबरात आलेला. २,९९९ चा, २० टक्के सूट, २,३९९ ला. बजेटच्या बाहेर आहे, पण घरातनं थोडे उसने घेता येतील.

तिसरा म्हणजे एका शूटर मालिकेचे तीन भाग. सुटे घेतले तर १५९, १९९ आणि ३७४, असे ७३२ होतात. तिन्हींच्या बंडलवर आणखी १० टक्के, म्हणजे ६५९.

लायब्ररीत आधीचे बरेच गेम न उघडलेले पडून आहेत, म्हणून या वेळी विचारून घ्यावं म्हटलं.

मंगळवारपेठ_मावळा
भावा, सेलचा नाद सोड. हे लोक सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत वाढवतात आणि मग ७५ टक्के सूट म्हणून तीच किंमत परत दाखवतात. तुझा २४९ चा गेम ३७४ ला विकायला लागलेत, हा पुरावाच की. आणि घ्यायचाच असेल तर शेवटच्या दोन दिवसांत घे. तेव्हा फ्लॅश सेल लागतो, किंमत अजून पडते.

पंचगंगा_पीसी
मावळा, यातलं निम्मं बरोबर आहे, पण निम्मं स्टीमला लागू होत नाही.

किंमत वाढवली की पुढचे ३० दिवस त्या गेमवर सूट लावताच येत नाही, असा स्टीमचा प्रकाशकांसाठी नियम आहे. सूट चालू असताना मूळ किंमतही बदलता येत नाही. त्यामुळं आदल्या आठवड्यात वाढवून सेलमध्ये उतरवायचा खेळ तिथं चालत नाही. डिस्क विकणाऱ्या शॉपिंग साइट्सवर मात्र हा नियम नाही. तिथं 'एमआरपी' खोडून दाखवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे तुझं म्हणणं मान्य.

फ्लॅश सेल २०१५ च्या ऑटम सेलपासून बंद आहेत. आता मोठ्या सेलमध्ये पहिल्या दिवशी जी सूट लागते, तीच शेवटपर्यंत राहते. कळंबारोड, याचा फायदा असा की तुला घाई अजिबात नाही. सेल आपल्याकडं रात्री साडेदहाला चालू होतो आणि शेवटच्या दिवशी त्याच वेळेला संपतो. तोवर निवांत बघ.

आता २४९ चं कोडं. SteamDB वर गेमच्या पानावर देशवार किमतींचा तक्ता असतो. त्यातली Indian Rupee ची ओळ निवड म्हणजे खालचा आलेख रुपयांत येईल. आलेखात खाली जाणारे खड्डे म्हणजे सेल. ते नंतर बघ. आधी वरची सपाट रेघ बघ, ती मूळ किंमत. ती कुठं पायरीसारखी वर चढलीय का?

कळंबारोड
चढलीय की! आधी ९९९ वर होती, नंतर १,४९९ झाली. २४९ चा खड्डा ९९९ च्या काळातला आहे. त्यानंतर ५९९ ला तीनदा आलाय आणि आता ३७४.

पंचगंगा_पीसी
मग उत्तर तुझ्यासमोरच आहे. ९९९ वर ७५ टक्के म्हणजे २४९. १,४९९ वर ७५ टक्के म्हणजे ३७४. सूट तेवढीच आहे, मूळ किंमत वाढलीय. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टीमनं प्रकाशकांना देशवार किमतींचे नवीन शिफारस-आकडे दिले, त्यानंतर भारतातल्या बऱ्याच गेम्सच्या रुपयातल्या किमती वर गेल्या. काहींनी नंतर आपल्या हिशोबानं वाढवल्या. एकदा वाढलेली मूळ किंमत सहसा खाली येत नाही, त्यामुळं जुन्या मूळ किमतीवरचा नीचांक धरून बसलं तर वाटच बघत राहावं लागतं.

म्हणून नीचांक बघताना शेवटच्या चढलेल्या पायरीच्या उजवीकडचेच खड्डे मोजायचे. तुझ्या गेममध्ये तिथं तीनदा ६० टक्के आणि आता पहिल्यांदा ७५ टक्के दिसतात. ही खरी सूट आहे. याहून खाली कधीतरी जाईलही, पण ३७४ वरून अजून उतरला तरी पन्नास-शंभर रुपयांचा फरक. तेवढ्यासाठी वर्षभर थांबण्यात अर्थ नाही, अट एकच की तो तू आत्ता खेळणार असशील.

दुसऱ्या गेमचा आलेखही टाक.

कळंबारोड
दुसऱ्याचं: डिसेंबरात १० टक्के, मार्चमध्ये १५, आता २०. मूळ रेघ सरळ आहे.

पंचगंगा_पीसी
हा जिना आहे आणि गेम अजून वरच्या पायऱ्यांवर आहे. प्रत्येक मोठ्या सेलला पाच-पाच टक्क्यांनी उतरतोय. असा आलेख दिसला की थांबण्यात फायदा असतो, कारण प्रकाशक ठरवून हळूहळू उतरवतोय. २५ टक्क्यांना २,२४९ होईल. तुझ्या १,५०० मध्ये बसायला ५० टक्के लागतील आणि या गतीनं ते पुढच्या वर्षाआधी कठीण दिसतंय. उसने घेऊ नकोस.

उलट प्रकारचा आलेख म्हणजे दर सेलला त्याच खोलीवर जाणारे सारखे खड्डे. समजा दोन वर्षं प्रत्येक मोठ्या सेलला ५० टक्केच लागतात, तर ती त्या गेमची ठरलेली सेल-किंमत. तो कधीही घेता येतो, म्हणून आज घ्यायची गरज नसते. आणि तिसरा प्रकार म्हणजे खड्डाच नाही. फॅक्टोरिओ कधीच सेलला येत नाही, हे त्याच्या निर्मात्यांचं जाहीर धोरण आहे. उलट जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी किंमत ३० डॉलरवरून ३५ केली. असा गेम विशलिस्टमध्ये ठेवून सूट लागायची वाट बघणं फुकट आहे. त्याचा डेमो मोफत आहे, तो खेळून बघायचा आणि आवडला तर पूर्ण किमतीला घ्यायचा.

शाहूपुरी_वहिनी
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलाकडं पीएस५ आहे. त्याच्या विशलिस्टमध्ये वीसेक गेम आहेत आणि रोज 'मम्मी, सेल संपणार' चालू असतं. हे SteamDB त्याला चालेल का? आणि घेतलेला नाही आवडला तर परत करता येतो का?

पंचगंगा_पीसी
वहिनी, SteamDB फक्त स्टीमच्या किमती दाखवतं. प्लेस्टेशनसाठी psprices.com वर प्रदेश भारत निवडा, तिथं तसाच किमतींचा आलेख मिळतो. पायरी आणि खड्डा बघायची रीत तीच.

परतीचा नियम मात्र फार वेगळा आहे. प्लेस्टेशन स्टोअरवर घेतलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, पण डाउनलोड एकदा चालू झालं की नाही. ऑटो-डाउनलोड चालू असेल तर विकत घेतल्या क्षणी तो उतरायला लागतो आणि परतीची वाट तिथंच बंद होते. सेटिंगमध्ये ते आधी बंद करून ठेवा.

तुमच्या पीएस५ ला डिस्कची खाच असेल तर मोठे गेम डिस्कवरच घेतलेले बरे. खेळून झालं की विकता येतात. डिजिटलला ती सोय नाही.

शाहूपुरी_वहिनी
खाच आहे. बरं झालं विचारलं. ऑटो-डाउनलोड आजच बंद करायला लावते.

उचगावकर
मूळ मुद्दा राहतोय. कितीला घ्यायचा यापेक्षा किती तास खेळणार हे बघा. howlongtobeat.com वर गेमचं नाव टाका, मुख्य कथा किती तासांची आहे ते मिळतं. किंमत भागिले तास. तासाला दहा रुपयांच्या खाली बसला तर घ्यायचा. तुझा आरपीजी ३७४ चा, साठ तासांचा असेल तर तासाला सहा रुपये. डोळे झाकून घे.

रंकाळा_रिस्पॉन
उचगावकर दादा, याच हिशोबानं लायब्ररी तुंबते. तो साठ तासांचा आकडा पूर्ण खेळलेल्यांचा आहे. दोन तासांत सोडून दिला तर तोच ३७४ चा गेम तासाला १८७ रुपयांना पडला. आणि न उघडलेल्या गेमचा तर भागाकारच होत नाही. या रीतीनं लांबलचक गेम कायम स्वस्त दिसतात आणि सहा तासांचा सुंदर छोटा गेम महाग दिसतो. खरं तर पूर्ण होण्याची शक्यता त्या छोट्याचीच जास्त.

उचगावकर
मला तास महत्त्वाचे वाटतात. महिन्याला एकच गेम घेता येत असेल तर सहा तासांत संपणारा घेऊन उरलेला महिना काय करायचं?

रंकाळा_रिस्पॉन
आधीचे न उघडलेले खेळायचे! कळंबारोडकडं तेच पडून आहेत ना. स्टीमच्या लायब्ररीत शोधाच्या खिडकीशेजारी फिल्टरचं चिन्ह आहे. त्यात Play State खाली Unplayed निवड. जी यादी येईल ती डायनॅमिक कलेक्शन म्हणून साठवून ठेव, म्हणजे ती आपोआप ताजी राहील. सेलमध्ये काही कार्टात टाकायच्या आधी ती यादी उघडायची आणि विचारायचं: नवीन गेमच्या जातीचा एखादा इथं आधीच आहे का? असेल तर तो आज रात्री इन्स्टॉल करायचा. तासभर खेळल्यावरही नवीनच हवासा वाटला तर सेल अजून चालूच असतो.

मंगळवारपेठ_मावळा
हे पटलं. पण विशलिस्टचं काय? मला तर रोज मेल येतात, सूट लागली म्हणून. लई डोकं उठतं.

पंचगंगा_पीसी
सूट २० टक्के किंवा जास्त असली की स्टीम विशलिस्टवाल्यांना मेल पाठवतं. प्रकाशकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून २० टक्क्यांच्या सूट एवढ्या दिसतात. मेल आला म्हणजे किंमत चांगली आहे असा त्याचा अर्थ नाही.

त्यावर उपाय isthereanydeal.com. तिथं देश भारत निवडून स्टीमची विशलिस्ट आयात करता येते आणि प्रत्येक गेमला आपली मर्यादा लावता येते. कळंबारोड, तुझ्या नोव्हेंबरच्या गेमला तिथं १,५०० ची मर्यादा लाव आणि विसरून जा. त्या किमतीच्या खाली येईल तेव्हाच मेल येईल. ती साइट स्टीमखेरीज इतर अधिकृत दुकानांच्या किमतीही बघते. मात्र दुसऱ्या दुकानातली 'की', म्हणजे स्टीमवर टाकायचा गेमचा कोड, घेताना ती भारतात चालते का, हे त्या दुकानाच्या पानावर आधी वाच. आणि स्टीमबाहेर घेतलेल्या कीला स्टीम परतावा देत नाही, त्या दुकानाचे नियम लागतात.

स्टीमवरची विशलिस्ट लावताना गेम ओढून वर-खाली करता येतात. वरचे पाच सोडले तर बाकीच्यांची किंमत सेलमध्ये बघूच नये, असं माझं मत.

कळंबारोड
ठीक. दुसरा सोडला. आता ते तीन भागांचं बंडल? ७३ रुपये वाचतायत.

रंकाळा_रिस्पॉन
पहिला भाग खेळलायस का?

कळंबारोड
नाही. तिसरा भारी आहे म्हणतात, म्हणून सगळे घ्यावेत म्हटलं.

पंचगंगा_पीसी
मग फक्त पहिला घे, १५९ ला. कागदावर मांडून बघ.

तिन्ही आज बंडलमधनं ६५९. आता समज, आज पहिला सुटा १५९ ला घेतलास. तो आवडला आणि पुढच्या सेलला याच किमती राहिल्या, तर उरलेले दोन १९९ आणि ३७४, मिळून ५७३. बंडलमध्ये तुझ्याकडं असलेला भाग वगळला जातो आणि उरलेल्यांवर ते जादा १० टक्के लागू राहतात. म्हणजे ५१६ च्या आसपास. एकूण ६७५. तिन्ही एकदम घेण्यापेक्षा फक्त १६ रुपये जास्त. आणि पहिला नाही आवडला तर ५०० रुपये वाचले.

एक गोष्ट तपासून घे. हे साध्या बंडलला लागू आहे. काही ठिकाणी तीन गेम एकत्र बांधून एकच पॅकेज विकतात, त्याची किंमत आधी घेतलेला भाग वजा करत नाही. ओळखायचं कसं? तुझ्याकडं मालिकेतला एखादा गेम असताना पान उघडलं आणि किंमत तीच राहिली, तर ते पॅकेज. तुझ्या गेमच्या पानावर Bundle info असं बटण असेल तर बंडल.

मंगळवारपेठ_मावळा
पण पुढच्या सेलला त्याच किमती राहतील याची खात्री काय?

पंचगंगा_पीसी
खात्री नाही. पण तिन्हींचे आलेख बघ. जुन्या मालिकेत वर्षभर त्याच खोलीचे खड्डे दिसत असतील तर पुढचाही बहुधा तसाच. पुढचा मोठा सेल फार लांब नाही. ऑटम सेल पूर्वी नोव्हेंबरात असायचा, २०२५ मध्ये तो २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर झाला. मग डिसेंबरच्या उत्तरार्धात विंटर. मोठ्या सेलबाहेर मात्र एक सूट संपली की पुढची लागायला साधारण महिनाभर जावा लागतो. म्हणून हा सेल चुकला तर पुढच्या आठवड्यात आशेनं पान उघडत बसू नकोस.

उचगावकर
बंडलचं १६ रुपयांचं गणित आवडलं. तासांचा मुद्दा मी सोडलेला नाही.

रंकाळा_रिस्पॉन
आणखी एक, हे फार कमी लोक वापरतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम परतावा देतं. बहुतेकांना हे 'आवडला नाही तर' एवढ्यासाठीच माहीत असतं. न उघडलेल्या गेमलाही ते लागू आहे. गेम घेतला की मोबाइलवर बाराव्या दिवसाची आठवण लावायची. तोवर एकदाही चालू केला नसेल तर परत करायचा. पुढच्या सेलला तो तिथंच असणार आहे.

परतावा मागताना पैसे वॉलेटमध्ये की मूळ मार्गानं, हे विचारतात. मूळ मार्ग निवडा, यूपीआयनं दिले असतील तर बँकेत परत येतात. थोडे दिवस लागतात, पण वॉलेटमधले पैसे त्याच सेलमध्ये दुसऱ्या गेमवर जातात.

मंगळवारपेठ_मावळा
सारखं परत केलं तर खातं बंद करतात म्हणे.

पंचगंगा_पीसी
गैरवापर वाटला तर परतावा देणं थांबवू शकतो, असं स्टीमच्या नियमांत आहे. किती वेळा म्हणजे गैरवापर, तो आकडा ते सांगत नाहीत. त्यामुळं आठवड्याला चार घेऊन तीन परत करणं नको. पण सेलच्या आधी पूर्ण किमतीला घेतलेला गेम परत करून लगेच सेलच्या किमतीत पुन्हा घेणं, याला ते गैरवापर मानत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

दोन तासांत मात्र फसायला होतं. काही गेम्सचा स्वतःचा लाँचर असतो आणि तो उघडा राहिला की स्टीमचा तास मोजला जातो. काही गेम पहिल्यांदा उघडल्यावर बराच वेळ शेडर तयार करत बसतात, काही लाँचरमधनं उरलेला भाग उतरवतात. तो सगळा वेळ खेळलेला म्हणून धरतात. म्हणून गेम चालू करून जेवायला जाऊ नये. पहिल्या तासाभरात ठरवायचं.

तसंच, घ्यायच्या आधी साइज बघ. ९० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर पाच तास घेतो. जागाच नसेल तर तो गेम बाराव्या दिवसापर्यंत उघडत नाही.

शाहूपुरी_वहिनी
आणि घरात दोन मुलं असतील तर एकच गेम दोनदा घ्यावा लागतो का? धाकट्याला लॅपटॉप घेतलाय, तो स्टीमच वापरतो. पुतण्याही घरातच असतो.

रंकाळा_रिस्पॉन
नाही वहिनी. स्टीम फॅमिलीजमध्ये एकाच घरातले सहा जणांपर्यंत एकत्र येतात आणि एकमेकांचे गेम खेळतात. एक प्रत एका वेळी एकालाच चालते, दोघांना एकाच वेळी तोच गेम हवा असेल तर दुसरी लागते. काही गेम्स यातून वगळलेले असतात, ते गेमच्या पानावर लिहिलेलं असतं. मुलांची खाती मुलांची म्हणूनच जोडा, म्हणजे त्यांची खरेदीची विनंती तुमच्याकडं येते. आणि कुणाला घ्यायचं ते विचार करून ठरवा, बाहेर पडलेल्या माणसाची जागा वर्षभर भरता येत नाही.

कळंबारोड
घेतलं. आरपीजी ३७४ आणि मालिकेचा पहिला भाग १५९, एकूण ५३३. नोव्हेंबरच्या गेमला isthereanydeal वर १,५०० ची मर्यादा लावली. Unplayed ची यादी उघडल्यावर त्यात असाच एक जुना शूटर निघाला, आधी तो इन्स्टॉल करतोय. १५९ वाल्याची बाराव्या दिवसाची आठवण लावलीय.

एक विचारायचं राहिलं. आरपीजीचे दोन डीएलसी आहेत, त्यावरही ५० टक्के आहे. आत्ताच घेऊ?

पंचगंगा_पीसी
मूळ गेम निम्मा होईपर्यंत नको. डीएलसीचा परतावाही तसाच आहे: १४ दिवस, आणि डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांहून कमी खेळलेला असायला हवा. आत्ता घेतलास तर मूळ गेम खेळतानाच ते दोन तास निघून जातील, डीएलसी न बघताच.

उचगावकर
डीएलसी मूळ कथेच्या मधनंच चालू होत असेल तर? काही गेम्समध्ये आधी घेतलेलं बरं पडतं. कुठला गेम आहे ते सांग, मग बघू.